जमनीचा लाल फेटिया

रंजितासारखी हट्टी बाई अख्ख्या दारव्ह्यात दुसरी सापडायची नाही, आणि हे कौतुकानंच सांगायचं बरं का! पुस्तकातल्या पोरीनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच कपडे घालावेत, एवढ्यापायी या बाईनं उभा उन्हाळा खर्ची घातला.

आजवर ती दुसऱ्यांच्या गोष्टींना चित्रं काढायची. या खेपेला गोष्टही तिचीच होती. तांड्यावरच्या जमनीची बकरी बाजाराच्या दिवशी हरवते आणि जमनी दिवसभर दारव्ह्याच्या बाजारात तिला शोधत फिरते. नागपूरच्या संपादक सत्यभामाताईंना गोष्ट आवडली, पण फोनवर त्यांनी स्पष्टच सांगितलं, "वाचता न येणारी मुलं जमनीला कपड्यांवरून ओळखणार. गर्दीत तोंड एवढंसं दिसतं. कपडे बदलले की मुलांची जमनी हरवली. ते जमलं नाही, तर गोष्ट तुझी ठेवू, पण चित्रं दुसऱ्याकडून काढून घेऊ."

दुसऱ्याकडून! रंजिताला ते भलतंच झोंबलं. तिनं पेन्सिलीनं जमनीचा तक्ता काढून भिंतीवर लावला: समोरून, पाठीमागून, बाजूनं. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, त्याच्या काठाला आरशांच्या तीन ओळी, ओढणीचा खोच डाव्या बाजूला. रंगासाठी तिच्या याडीनं, म्हणजे आईनं, रामीबाईनं, बाजारातून नवंकोरं लालभडक कापड आणून तशाच फेटियातली बाहुली शिवून दिली. उजेडात नीट दिसावी म्हणून रंजितानं ती खिडकीत टांगली. दर चित्राला बाहुलीकडे बघून ती लाल रंग नव्यानं कालवायची. चित्रंही ओळीनं नाही काढली. सोपी आधी, बाजाराच्या गर्दीची शेवटी.

सगळी झाली तेव्हा तिनं ती गोष्टीच्या क्रमानं फरशीवर मांडली. रामीबाई चहा घेऊन आली आणि वाकून बघू लागली.

"बाप्पा! छान काढल्या वं पोट्ट्या. यातली जमनी कोनती?"

"सगळ्या जमनीच हाएत, याडी."

"अन् हे गुलाबी फेटियावाली? बहीन हाय का तिची?"

"डोळे तपासून घे तुये!" रंजिता फणकारली. मग तिनं स्वतः बघितलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. पहिल्या पानावर फेटिया लालभडक, पुढं विटकरी, मग गुलाबी, आणि लगेच परत लालभडक. आरसे बरोबर, खोच बरोबर, आणि रंग मात्र पानागणिक वेगळा! असं झालं तरी कसं? प्रत्येक चित्र तिनं बाहुलीशी जुळवलं होतं.

तिनं बाहुली खाली काढली. काठाची आत दुमडलेली पट्टी उसवून बघितली, तर आत तोच पहिला लाल रंग. बाहेरचा सगळा उन्हानं खाल्ला होता. बाहुली विटत गेली आणि रंजिता इमानेइतबारे विटका रंग काढत गेली. गोष्ट एका दिवसाची. एका दिवसात कुणाचा फेटिया एवढा विटतो?

"मी म्हनत होती, उन्हात नको टांगू," रामीबाई म्हणाली. "पन आयकते कोन?"

रंजिता रडली. चांगली हमसून रडली. मग तोंड धुतलं आणि कामाला बसली. दुसरी कुणी असती तर फिकी तेवढीच पानं रंगवून मोकळी झाली असती. हिनं मोठी बरणी भरून लाल रंग एकदाच कालवला. पोस्टर कलर वाळला की बदलतो, म्हणून कागदाच्या तुकड्यावर थोडा लावायचा, वाळू द्यायचा, उसवलेल्या पट्टीशी धरून बघायचा, परत कालवायचा. जुळला तेव्हा तो तुकडा तक्त्यावर चिकटवला आणि बाहुली पेटीत गेली. मग सगळे फेटिये तिनं त्या एकाच बरणीतून रंगवले, चांगले दिसत होते तेसुद्धा. ब्रशला पाणी जास्त झालं तर खालचा रंग सुटून चिखल व्हायचा, म्हणून अक्षरशः श्वास रोखून. रंग वाळल्यावर सगळे आरसे परत काढले. मान अवघडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण एक आरसा तिनं सोडला नाही. अशा बाईला हात जोडावेत, दुसरं काय!

चित्रं नागपूरला गेली आणि पसंत पडली. छापलेलं पुस्तक एसटीच्या पार्सलनं आलं, तेव्हा रंजितानं ते पहिल्यांदा याडीच्या हातात दिलं. रामीबाईला अक्षर येत नाही. ती पानं उलटू लागली, आणि रंजिता समोर बसून तिच्या बोटाकडे बघत राहिली.

बाजाराचं पान आलं. मिरच्यांचे ढीग, जीपगाड्या, टोप्या, लुगडी, आणि त्या गर्दीत बोटाच्या पेराएवढी जमनी. रामीबाईचं बोट सरळ तिच्यावरच जाऊन थांबलं.

"हे पाय, इथं आली पोट्टी! तवाची फिरूनच राह्यली वं उन्हातान्हात. मायले सांगून तरी निंघाली का?"

रंजिताचे डोळे भरून आले. "एकच हाय ना, याडी?"

"नाही तं काय!" रामीबाई पान उलटता उलटता खेकसली. "थांब जराशीक, बकरी सापडू दे तिले."