मुंग्या मिश्रीच्या नव्हत्या

निपाणीत दवाखाना टाकला तेव्हा मला एका गोष्टीचा भारी माज होता. बाकीचे डॉक्टर बाहेरून आलेले, मी मात्र बिडी वळणाऱ्या बाईच्या पोटचा. इथल्या बायांची दुखणी मला पुस्तकातून शिकावी लागत नाहीत, असं मी चारचौघांत म्हणायचो. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. माझ्या आईच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं बिड्या वळलेली एक मावशी सकाळीच आली. काखेत गळू, चांगलं लिंबाएवढं, लालभडक. अंगाने काटकुळी, वजन पस्तीस किलो भरलं तरी पुष्कळ. मी म्हटलं, "मावशी, बेळगावला जा. तिथं पुरती भूल देऊन फोडतील."

"न्हाय बाबा. तुझ्या आईनं सांगितलंय, तुझ्याकडंच जा म्हणून. तूच कर."

झालं. मी फुगलो.

गळूभोवती लिग्नोकेन टोचायचं, जागा बधिर झाली की चीर द्यायची. मी नेहमी अ‍ॅड्रेनालिन घातलेली बाटली वापरायचो. अ‍ॅड्रेनालिन तिथल्या रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे औषध रक्तात सावकाश उतरतं, जागेवर जास्त टिकतं आणि थोडं जास्त दिलं तरी निभावतं. त्या दिवशी सिस्टर म्हणाली, "सर, ती संपली. ही साधी आहे, दोन टक्क्याची." मी म्हटलं, "चालतंय." हाताला सवय दहा मिलीची. दहा मिली टोचलं. साध्या बाटलीचं त्या वजनाला पाच मिली म्हणजे हद्द झाली, हे मला माहीत होतं. माहीत असून काय उपयोग, अक्कल शेण खायला गेली होती.

पाच मिनिटांनी सुरी टेकवली तर मावशी कळवळली. "लई दुखतंय रं."

दुखणारच. पू साचलेल्या जागी आम्लता वाढलेली असते. हे औषध दुखणं मेंदूकडे नेणाऱ्या नसेच्या आत शिरतं ते विद्युतभार नसलेल्या रूपात. आत गेल्यावर पुन्हा भार घेतं आणि सोडियमची वाट आतून बंद करतं, मग दुखण्याचा निरोप पुढे जात नाही. पण आम्लात बहुतेक औषध बाहेरच भार घेऊन बसतं, त्याला आत जाताच येत नाही. तोंडी परीक्षेत हेच विचारलं होतं आणि मी धडाधड सांगितलं होतं. त्या सकाळी मात्र मी म्हटलं, "मावशी, जरा दम धर," आणि आणखी दहा मिली टोचलं. नस बधिर होईना, आणि सुजेनं रक्त उसळलेल्या त्या जागेतून औषध चाललं होतं सरळ अंगभर.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाबा, ओठाला मुंग्या आल्यात. तोंडात तांब्याचा पैसा धरल्यागत लागतंय."

मी हसलो. हो, हसलो; औषध रक्तात जास्त झाल्याची पहिली खूण हीच, हे माहीत असून. "मिश्री लावून आलीस न्हवं? माझ्या आईला पण असंच हुतंय."

"आज न्हाय लावली रं," ती म्हणाली. मला ते खरं वाटलं नाही. दातांना लावलेली तंबाखूची मिश्री दवाखान्यात येताना लपवायची या बायांची खोड मला ठाऊक होती. सिस्टर माझ्याकडे बघत होती. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

"कानात गुंईगुंई हुतंय," मावशीची जीभ आता अडखळत होती. मग ओठाचा कोपरा फडफडला, आणि अख्खं अंग झटके द्यायला लागलं.

झटके थांबवायला डायझेपाम दिलं, प्राणवायू लावला, पिशवीने श्वास दिला. पण झटक्यांनी आणि कोंडलेल्या श्वासाने रक्तच आम्ल होतं, आणि तसं झालं की हेच औषध मेंदूला, काळजाला जास्त चिकटतं. काळजाच्या ठोक्यालाही तीच सोडियमची वाट हवी असते, आणि ती बंद होत चालली होती. नाडी मंद झाली, मग सापडेना. मी छाती दाबत राहिलो. सिस्टर अखेर म्हणाली, "सर, पुरे." मी तरी थांबलो नाही. गळू तसंच होतं, न फोडलेलं.

बाहेर तिचा नवरा बसला होता. त्याला म्हटलं, "काळीज आधीचंच कमजोर होतं." किती सहज जमलं मला ते. त्याने खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले आणि म्हणाला, "तुम्ही तरी काय करणार."

दुपारी घरी गेलो. बातमी आईला आधीच कळली होती. ती उंबऱ्यावर बसून रडत होती. मी तिलाही काळजाचंच सांगितलं. ती म्हणाली, "मीच आग्रह केला बघ तुझ्याकडं जायचा. बेळगावला जायला भीत हुती ती. रातच्याला मी सांगितलं, डाक्तर तोंडाचा वास घेतोय, मिश्री लावू नगंस. माझं ऐकून आज तिनं दात नुसते मिठानं घासले."