पंचमीची सापशिडी

जयवंता काकीला लिहितावाचता येत नव्हतं, पण घरातलं कोण कशाने चिडेल हे तिला पाठ होतं. आमच्या कळंबच्या घरात चिडायला माणसंही भरपूर होती. चौदा-पंधरा जण एका चुलीवर जेवायचे आणि रोज एकदा तरी त्यांतले दोघे एकमेकांशी बोलणं टाकायचे. काकी थोरली सून. सगळ्यांचे अबोले तीच सोडवायची. तिचे आभार कुणी मानल्याचं मला आठवत नाही, आणि त्याचा मला अजून राग येतो.

युद्धाच्या वर्षांतली गोष्ट. लावणी उरकली होती, शेतात फारसं काम नव्हतं आणि रिकाम्या माणसांना भांडणं सुचतात. धाकटा नामाकाका वरणात मीठ कमी आहे म्हणून ताटावरून उठला आणि भर पावसात ओढ्यावरून तीन दगड घेऊन आला. पडवीत दणकन ठेवले.

"ही माझी चूल. मी आन् चंद्रा येगळं रांधणार."

चंद्राकाकीला हे नवऱ्याच्या तोंडून तेव्हाच कळलं. ती बिचारी हातातली पळी घेऊन तशीच उभी.

त्या दिवशी जयवंता काकी जेवली नाही. चूल फुटली की घर फुटलं, असं तिचं साधं गणित होतं. घर फुटू द्यायचं नाही, बाकी काही तिला नको होतं. दुसऱ्या दिवशी ती नामाकाकाला म्हणाली, "खुशाल मांड चूल. पण त्याआधी सगळ्यांनी एकदा एकत्र बसून एक डाव पुरा खेळायचा. तो संपला की मी सोता तुझ्या चुलीत इस्तू टाकीन."

"खेळ? येवढंच ना?" नामाकाका हसला. "घटकाभराचं काम हाय."

दिवस पंचमीचा ठरला. पंचमीला नांगर नाही, कोयता नाही, विळी नाही, तवा नाही. घरात सगळे सापडणार असा तो एकच दिवस होता.

आता खेळ कोणता? काकी कर्जतच्या बाजारात हिरामणच्या दुकानात गेली. मी शेपटासारखी मागे. हिरामण बांगड्यांपासून बुद्धिबळापर्यंत सगळं विकायचा आणि विकण्याआधी गिऱ्हाइकाची चौकशी करायचा.

"बुद्धिबळ नेतेस, बाय?"

"नको. दोघं खेळणार आन् बाकीचे शिकवणार. सासरे एक प्यादं हलवायला जेवणवेळ लावत्यात. तवर नामा पट उधळील."

"मग सारीपाट ने. चौघं बसत्यात."

"त्यात सोंगटी मारत्यात ना? मारलेली परत पयल्यापासनं? नको रं बाबा. भावाभावांत तेच चाललंय."

"वाघ-बकरी?"

"वाघ कुणी व्हायचं यावरच संध्याकाळ व्हईल."

हिरामणने डोकं खाजवलं. "लहानात लहान केवढं?"

"पाच वर्षाचं. थोरात थोर सत्तरीचं. दोघंबी हरलं की रडत्यात."

तेव्हा त्याने मुंबईहून आलेला कागदाचा पट काढला. शंभर घरं, शिड्या आणि लांबलचक साप. "हितं डोकं लागत नाय. सहा कवड्या टाकायच्या, जेवढ्या उताण्या पडतील तेवढी घरं जायचं. पाच वर्षाचं पोर आन् सत्तरीचा म्हातारा सारखेच. पण सोंगट्या सहाच ठेव. जास्ती झाल्या तर पाळी येईस्तवर मानसं पांगत्यात. एका सोंगटीवर दोन-तीन जणं बशीव, म्हातारं आन् पोर एकत्र. एकानं कवड्या टाकायच्या, दुसऱ्यानं सोंगटी चालवायची. म्हंजे कुणाचा हात रिकामा राहत नाय."

काकीचा चेहरा असा उजळला की मला वाटलं घर वाचलंच.

पंचमीला पूजा झाली, हळदीच्या पानातल्या पातोळ्या झाल्या आणि पडवीत पट पसरला. कागद गुंडाळून आणलेला, तो परत परत गुंडाळायचा. काकीने इकडेतिकडे पाहिलं आणि नामाकाकाच्या चुलीचे तीन दगड तीन कोपऱ्यांवर ठेवले. चौथ्यावर पाटा. नामाकाका म्हणाला, "डाव झाला की दगड माझे."

जोड्या लागल्या. कोंडाजी आजाबरोबर मी, आनंदीबाई आजीबरोबर पाच वर्षांचा गजा, असं करत करत सगळे बसले. नामाकाका मात्र कुणाबरोबर बसेना. "माझी सोंगटी माझी येकट्याची," म्हणाला. चंद्राकाकी मुकाट जयवंता काकीच्या सोंगटीवर गेली.

आणि मग आजीला पटावरचे साप दिसले.

"अगं जयवंते! आजच्या दिशी नागोबाच्या अंगावरनं सोंगट्या नाचवतेस?"

काकी पांढरीफटक पडली. सगळ्यांचे स्वभाव तोलले, पाळी तोलली, वय तोललं, आणि दिवस कोणता ते विसरली! नामाकाका दगडाला हात घालून म्हणाला, "चला, मोडला डाव."

"थांब मेल्या," आजी गरजली, "पूजा झाल्याबिगर कोण उठतंय?"

तिने हळद-कुंकू आणलं आणि पटावरच्या एकेका सापाला वाहिलं. लाह्या ठेवल्या. दूध ठेवणार होती, पण कागद भिजेल म्हणून काकीने हात जोडले. कुंकवाखाली कितीतरी आकडे गडप झाले. मग कोणतं घर कितवं यावर वाद झाला, आणि शेवटी आजी सांगेल ते घर असं ठरलं.

खेळ सुरू झाला. पहिला साप आजीलाच लागला. आता रडारड होणार असं आम्हाला वाटलं. आजीने पटाला डोकं टेकवलं आणि गहिवरून म्हणाली, "पावला गं बाई. पंचमीला नागोबानं मलाच जवळ केलं."

गजा टाळ्या पिटायला लागला. तिथून सगळं बिघडलं, किंवा सुधारलं म्हणा. आता प्रत्येकाला साप हवा होता. शिडी लागली की लोक हळहळायचे. चंद्राकाकीला उंच शिडी मिळाली तेव्हा जयवंता काकीने तिची समजूत काढली. आजा वर, शंभराच्या तोंडाशी होता, तिथे त्याला मोठा साप लागला आणि तो थेट खाली आला. कुणालाही चिडवू न देणारा माझा आजा, पण हात जोडून हसला. आनंदाच्या भरात त्याने सोंगटी म्हणून ठेवलेली सुपारी तोंडात टाकली. मग आम्ही कुठे होतो यावर सगळं घर बोललं, अबोला धरलेले दोघेसुद्धा.

नामाकाकाला एकही साप लागला नाही. शिडीमागून शिडी. तो भराभर वर गेला आणि हवं तेवढंच दान पडून शंभरावर पोचला.

"जिंकलो!" तो ओरडला.

"बरं," आजी म्हणाली, "जरा सरक, कवड्या दिसंनात."

तो सरकला. एकटाच बसला. त्याची सोंगटी वर कोपऱ्यात, आणि खाली हा गोंधळ. कुणाला साप लागला की हात जोडले जात होते, लाह्या वाटल्या जात होत्या. चंद्राकाकी तोंडाला पदर लावून हसत होती. लग्न होऊन आल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. त्यानेही पाहिली नसावी, कारण तो पटाऐवजी तिच्याकडेच बघत राहिला.

थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "आये, मला बी येकदा डसू दे की."

"तुझा डाव झाला रं," आजी म्हणाली.

दिवेलागण झाली तरी बाकीच्यांपैकी कुणी वर पोचेना. काकी स्वयंपाकाला उठली. पण जाताना ती शब्दाला जागली. "नामा, तू तर पोचलास. उचल तुझे दगड. मी इस्तू आणते."

नामाकाकाने दगडांकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं. मग तो आजीच्या सोंगटीवर, गजाच्या शेजारी जाऊन बसला.

"आता कसे उचलू, वयनी?" तो म्हणाला. "कागद गुंडाळंल ना. आन् आईची सोंगटी अजून अर्ध्यात हाय."