कढई सोडेपर्यंत

आक्काला घरातून निघायचं होतं, आणि वाट अडवून बसला होता शिरा. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण खरंच तसं होतं.

वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हापासून त्यांच्या घशाखाली धड काही उतरत नव्हतं. भात ठसक्यात जायचा, खिमट ते थुंकून टाकायचे, दूध नाकात यायचं. डॉक्टरांनी मऊ, ओलसर आणि गोळा होऊन राहील असं काहीतरी द्या म्हणून सांगितलं. तेव्हा आक्काने बारीक रव्याचा शिरा केला. म्हाताऱ्याने पहिला घास गिळला, दुसरा गिळला, आणि वाकड्या झालेल्या ओठांतून म्हणाला, "अजून." त्या एका शब्दाने आक्का चुलीला बांधली गेली ती गेलीच. सकाळी शिरा, तिन्हीसांजेला शिरा. तोही तिच्याच हातचा.

आक्काने लग्न केलं नव्हतं. शिवणकाम करायची, हात चांगला होता. घरात ती, वडील, धाकटा भाऊ आणि भावजय. भाऊ लोकांचे बिघडलेले फ्रिज दुरुस्त करायचा आणि दिवस वर आल्याशिवाय बाहेर पडायचा नाही. तीन खोल्यांत चार माणसं. आक्काची मशीन वडिलांच्या पलंगाला खेटून, म्हणजे सुईकडे एक डोळा आणि त्यांच्याकडे एक.

तशात तिच्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात कपडे शिवायचं दुकान टाकत होती. वर राहायला खोली होती, खाली दुकान.

"तू कापायचंस, मी शिवायचं. येतेस का?" मैत्रीण म्हणाली. "पण लवकर सांग बाई, मला फार दिवस थांबता यायचं नाही."

आक्काने रात्री जेवताना विषय काढला. भाऊ म्हणाला, "जा की! आम्ही कुठे तुला डांबून ठेवलंय? फक्त बाबांच्या शिऱ्याचं काय ते बघ."

"हिला शिकवते," आक्का म्हणाली. भावजय मान खाली घालून भात कालवत राहिली.

दुसऱ्याच दिवशी शिकवणी सुरू झाली. "वाटीभर रव्याला पाऊण वाटी तूप. कमी करू नकोस, नाहीतर रवा घशाला धरेल. आच मंद. हलवताना रवा आधी जड लागतो, मग हलका होतो, झाऱ्यावरून सुळकन घसरतो, आणि वास सुटतो. तो वास आल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. एरवी अडीच वाट्या पाणी पुरतं, बाबांसाठी साडेतीन. आणि ते शेजारच्या शेगडीवर उकळतं हवं."

भावजयीने सगळं ऐकून घेतलं, आणि रवा पांढराफटक असतानाच पाणी ओतलं. झाली खळ! म्हाताऱ्याने तोंड मिटून घेतलं.

पुढच्या वेळी तिने गार पाणी घातलं, गुठळ्याच गुठळ्या. त्यानंतर रवा फुगायच्या आधीच साखर टाकून मोकळी झाली, मग तो रवा कसला फुगतोय, कण नुसते दाताखाली कचकचले. एकदा तर झारा सोडून दाराशी गेली आणि रवा तळाला काळा पडला.

"अगं, लक्ष कुठे असतं तुझं?" आक्का करवादली.

"मला नाही जमत हो ताई. माझा हातच नाही त्यात." भावजय इतकी अगतिक दिसली की आक्काला पुढे बोलवेना. तिने कढई घासली आणि पुन्हा रवा घेतला. मैत्रिणीला कळवलं, थोडं थांब.

असं करता करता दिवस उलटत गेले. भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटायच्या. कढईशी उभी राहिली की आक्काला जागचं हलता यायचं नाही. रवा भाजताना सोडता येत नाही, पाणी घातल्यावर झाकण ठेवून वाफ राखावी लागते, साखर पडली की शिरा पातळ होतो आणि परत आळेपर्यंत घोटत बसावं लागतं. खिडकीतून समोरची भिंत दिसायची, तिच्यावरचा पाइप दिसायचा. बास.

एका दुपारी ती शिवलेले ब्लाउज पोचवायला गेली. गिऱ्हाइकाच्या दाराला कुलूप होतं, म्हणून वाटेतूनच परत फिरली. जिना चढताना वास आला. भाजलेल्या रव्याचा, अगदी नेमका, एक क्षण पुढे गेला असता तर करपला असता असा. मग पाणी पडल्याचा चर्र आवाज.

आक्का दारातच थबकली. भावजय पाठमोरी होती. झारा अगदी सरावलेल्या हाताने फिरत होता. रवा पाणी पिऊन फुगला, तिने झाकण ठेवलं, आच आणखी उतरवली. जराशाने झाकण काढून साखर घातली, शिरा सैल पडला, ती घोटत राहिली. शिरा कडा सोडून मधे गोळा झाला, तळाशी तुपाची चकाकी आली. तिने गॅस बंद केला, बोटावर घास घेतला, फुंकर घातली आणि उभ्याउभ्याच खाल्ला.

"छान झालाय," आक्का म्हणाली.

भावजय दचकून वळली. झारा हातातून निसटला.

"कधीपासून येतो तुला?"

"लहानपणापासून." आवाज अगदी बारीक. "आमच्याकडे मीच करायची."

आक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. "मग मला वेड्यात काढत होतीस? माझी मैत्रीण तिकडे खोळंबलीय! मी मेली रोज तुझ्यापुढे वाटी धरून पाणी मोजतेय!"

"मग काय करू?" भावजय एकदम उसळली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही गेलात की कढईपाशी मी. त्यांचं उठवणं, पुसणं, भरवणं, सगळं मी. तुम्हाला निदान एक मैत्रीण तरी बोलावतेय, ताई. मला कोण बोलावणार आहे? मला येतं असं एकदा कळलं की माझी सुटका नाही."

आक्का खालीच बसली. राग कुठे ठेवावा कळेना. आतून वडील खोकले. दोघींनी एकदमच तिकडे पाहिलं, आणि दोघींनाही एकमेकींचं ते पाहणं दिसलं.

"आणि तो?" आक्काने विचारलं. "माझा भाऊ? त्याला कुणी का नाही शिकवलं?"

हा प्रश्न त्या घरात कुणाला पडलाच नव्हता, आक्कालासुद्धा.

त्या संध्याकाळी आक्काने भावाला शेगडीपुढे उभं केलं. "मी?" तो म्हणाला. "अगं, मला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही."

"फ्रिजचं तरी पोटातून शिकून आला होतास का? धर झारा."

त्याने सगळं पाणी एका दमात ओतलं. वाफेने मनगट भाजलं, शिरा उसळून ओट्यावर सांडला. आदळआपट केली, चार दिवस तोंड फुगवून हिंडला. पण दोघींनीही त्याच्या हातातला झारा काढून घेतला नाही. मग कसाबसा गिचका शिरा व्हायला लागला. म्हातारा अर्धा खायचा, अर्धा थुंकायचा, आणि उरलेल्यासाठी आक्काला पुन्हा उभं राहावंच लागायचं.

तोवर मैत्रिणीचा फोन आला. "रागावू नकोस," ती म्हणाली. "दुसरी बाई मिळाली. मी किती थांबणार?"

"बरोबर आहे तुझं," आक्का म्हणाली. फोन ठेवून ती मशीनवर बसली. दोरा ओवता येईना.

भावजयीने आपणहून सकाळचा शिरा उचलला, पण एक दिवसाआड. मधल्या दिवशी भाऊ. हळूहळू म्हाताऱ्याने त्या दोघांच्याही हातचं गिळायला सुरुवात केली. आक्काच्या सकाळी मोकळ्या झाल्या. ती नेहमीच्याच वेळी जागी व्हायची, तोंड धुवायची आणि खोलीच्या मधोमध उभी राहायची. जायला आता जागाच उरली नव्हती.

एकदा अशीच ती जिन्यात जाऊन बसली. आतून भावाची हाक आली, "आक्का, कडा सुटल्यात का बघ ना जरा!"

तिचे पाय आपोआप वळले होते. तिने कठडा घट्ट धरला.

"तूच बघ," ती म्हणाली, आणि बसून राहिली.