हाक मारता न येणाऱ्या नावाची शेळी

मंद्रूपच्या आठवडी बाजारात मी एका कांदेवाल्याच्या कानाला हेडफोन लावला, त्याला 'ल्कोब' हा शब्द ऐकवला आणि विचारलं, असा शब्द मराठीत असू शकेल का? अगदी असू शकेल असं वाटलं तर पाच बोटं दाखवायची, छे, शक्यच नाही असं वाटलं तर एक. त्याने पंजा उघडून दाखवला. मी 'म्टाप' ऐकवला. पुन्हा पंजा. शेजारच्या चपलावाल्याने तर हेडफोन कानाला लागायच्या आधीच पंजा वर केला. दुपारी बारापर्यंत माझ्या वहीत पाच, पाच, पाच, पाच अशी ओळ लागली, एकही एक नाही.

हे शब्द मी स्वतः बनवले होते. कुठल्याच भाषेत नाहीत असे चाळीस शब्द. ते उच्चारता यावेत म्हणून सोलापूरच्या माझ्या खोलीत आरशासमोर आठवडाभर 'ल्कोब, ल्कोब' करत बसले होते. घरमालकीण विणकर घरातली, तेलुगू बोलणारी. तिने तिसऱ्या दिवशी दाराशी येऊन मला उचकी लागली आहे का, असं काळजीने विचारलं आणि साखरेची वाटी देऊन गेली. मी साखर खाऊन टाकली. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

समजावणं मात्र इथे भाग आहे. आपण बोलतो ते तुकड्यातुकड्यांनी. 'भात' म्हटलं की एक तुकडा, 'भाकर' म्हटलं की दोन, भा आणि कर. या तुकड्याला सिलॅबल म्हणतात. लिहायचं अक्षर वेगळं, हा तोंडात होणारा तुकडा वेगळा. त्याला मधोमध एक केंद्र लागतं, बहुधा स्वर. केंद्राच्या आधी येतात ती व्यंजनं म्हणजे आरंभ, नंतर येतात ती म्हणजे अंत. 'भात'मध्ये भ हा आरंभ, आ हे केंद्र, त हा अंत. आरंभ आणि अंत नसले तरी चालतं. 'आई' म्हणताना दोन्ही तुकड्यांत नुसतं केंद्रच असतं. केंद्र नसलं तर मात्र तुकडाच नाही.

आता गंमत अशी की कुठल्या जागी कुठली व्यंजनं शेजारी बसतील, हे प्रत्येक भाषा आपापलं ठरवते. 'क्लेश'च्या आरंभी क-ल चालतात. तेच उलटे, ल-क, आरंभी आणून बघा, मराठी जीभ अडते. पण अंताला तेच ल-क मजेत बसतात, 'सिल्क' आहेच की. कारण आवाजाला चढण लागते. क, ट, प हे जवळजवळ मुके, म, न त्यांच्याहून मोठे, ल, र आणखी मोठे, आणि स्वर सगळ्यांचा बाप. आरंभाला चढत जायचं, केंद्रावर पोचायचं, अंताला उतरायचं. 'ल्कोब'मध्ये ल वर चढून बसतो, मग क-कडे घसरतो, मग पुन्हा ओ-वर चढतो. रशियन लोकांना असल्या घसरगुंडीचं काही वाटत नाही. 'तोंडाचा' या अर्थाचा त्यांचा शब्द 'र-ता' असा र आणि त चिकटवून सुरू होतो, मध्ये अ नाही. म्हणजे माणसाच्या जिभेला अशक्य असं नाही, ठरावीक भाषेला अशक्य. आमच्या घरमालकिणीच्या तेलुगूला शब्दाच्या शेवटी उघडं व्यंजन आवडत नाही. म्हणून ती 'बस्सु' पकडून 'रोडु'ने जाते. तिथे अंत मोडून नवा तुकडा होतो.

खेड्यातली मराठी माणसं हे नियम कसे पाळतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. मुदत दोनदा वाढवून झाली होती. सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, स्पष्ट सांगितलं होतं की सोमवारी समितीपुढे माहिती ठेवली नाही तर नोंदणी रद्द. मी तासिका तत्त्वावर शिकवणारी बाई. पीएचडी गेली तर आयुष्यभर तासिकाच. आणि हा शनिवार होता.

तेवढ्यात एक भाजीवाली शेजारणीला सांगताना ऐकू आली, की हिला पाच बोटं दाखवा, पोरगी पास हुईल. ही करणी माझ्या मावशीची होती. मावशी मंद्रूपलाच दिलेली, तिच्याच घरी मी उतरले होते. सकाळी मी चहा पीत असताना ती बाजारभर फिरून सांगून आली होती की आमच्या पोरीची परीक्षा हाय, तुमीच मार्क द्यायचे हायत, पाचापैकी. आणि लोकांनी सढळ हाताने दिले होते. मंद्रूपच्या बाजारात माझ्याइतके गुण आजवर कुणाला पडले नसतील.

मी मावशीवर चिडले. भर बाजारात, दोडक्यांच्या ढिगासमोर. तिला कळेचना की एवढे मार्क मिळूनही मी का रडकुंडीला आले आहे. तिने मला बटाटेवडा घेऊन दिला. माझ्या रागाचं बहुतेक असंच होतं, कुणीतरी तोंडात काहीतरी कोंबतं.

वडा खात मी बाजाराच्या टोकाला, शेळ्या विकायला बसतात तिथे गेले. एक बाई दोन शेळ्या आणि एक काळं करडू घेऊन बसली होती. पन्नाशीची असेल. तिने मला सावलीत जागा दिली. तिच्यापर्यंत मावशी पोचलेली नव्हती. मी आपलं बोलायचं म्हणून करडाचं नाव विचारलं, तर म्हणाली न्हाय ठेवलं अजून. मी चिडलेली होतेच, म्हटलं आक्का, ल्कोब ठेवा.

तिने शांतपणे विचार केला. मग उठली, करडाकडे पाठ केली आणि रानात मारावी तशी हाक मारली. "लकोऽऽऽब!"

मी वडा खाली ठेवला. मी ल्कोब म्हटलं होतं, ती लकोब म्हणाली. ल आणि क यांच्यात तिने आपणहून एक अ बसवला होता. मी पुन्हा नीट उच्चारून दाखवलं. तिने पुन्हा हाक मारली, पुन्हा तोच अ. मग तिने मान हलवली आणि मला शिकवलं.

"तुमचं ते नाव कागदावर ऱ्हाऊ द्या. हाक मारायची तर ओढायला काय तरी पायजे की. ल आनि क मदी काय बी न्हाय, जीब कुटं ठेवायची?"

ओढायला काहीतरी पाहिजे. केंद्राची एवढी सोपी व्याख्या मला एकाही वर्गात मिळाली नव्हती. क ओढून बघा, ओढला जात नाही. म ओढता येतो, पण तोंड मिटून, तो पलीकडच्या बांधापर्यंतही जात नाही. शेळीपर्यंत पोचतो तो स्वर.

मी तिची परवानगी घेऊन मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि चाळीसच्या चाळीस नावं तिच्याकडून हाकारून घेतली. 'म्टाप'चं 'मटाऽप' झालं. 'क्लोब' एकदा सरळ आलं, एकदा 'किलोऽब' होऊन. आवाज ऐकून इतर शेळ्यावाले गोळा झाले आणि त्यांनाही चेव आला. प्रत्येकाला वाटलं की आपली हाक लांब जाते. मार्कांचा विषय कुणाच्या डोक्यात राहिला नाही. क-ल, त-र अशा जोड्या काहींनी सरळ उच्चारल्या, काहींनी फोडल्या. ल-क आणि म-ट मात्र एकाही माणसाने सरळ उच्चारले नाहीत. एका म्हाताऱ्याने तर पुढेच इ लावून 'इल्कोब' केलं, म्हणजे ल आधीच्या तुकड्याचा अंत, आणि क नव्या तुकड्याचा आरंभ. अडचण मिटली. दख्खनी उर्दू बोलणारे स्टेशनचं 'इस्टेशन' करतात ते असंच. आमच्याकडे पुढचा स टाकूनच देतात आणि ठेसन गाठतात.

सोमवारी समितीपुढे मी ते रेकॉर्डिंग लावलं. मध्ये एका शेळीने "बेंऽऽ" केलं. बाहेरून आलेले परीक्षक, इस्त्रीची सुरवार घातलेले गृहस्थ, यांनी विचारलं की हा उत्तरदाता कोण. मी खरं सांगितलं. सरांनी कपाळाला हात लावला. परीक्षक म्हणाले की ओरडणं म्हणजे संशोधन नव्हे, आणि सराव केला तर ल्कोब कुणीही म्हणेल, त्यात नियम कसला. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. ते टोपण लागलं तसं मला माझं पुढचं आयुष्य दिसलं, तासाच्या घंटेपासून तासाच्या घंटेपर्यंत.

मग मला राग आला. खोलीत तोंडात कोंबायला काहीच नव्हतं, त्यामुळे तो बाहेर पडला. मी परीक्षकांना म्हटलं, "सर, तुम्ही व्हरांड्याच्या त्या टोकाला जा आणि मला ल्कोब म्हणून हाक मारा. तुमच्या तोंडून आरंभी ल-क सरळ आले तर मी आत्ताच नोंदणी सोडते."

माझे सर खुर्चीतून अर्धे उठले. पण परीक्षकांना आव्हान आवडलं असावं. ते खरोखर व्हरांड्याच्या टोकाला गेले, घसा खाकरला, पाय रोवले. पहिला प्रयत्न तोंडातच विरला. दुसऱ्यात नुसता ल आला आणि बराच वेळ राहिला. तिसऱ्यांदा त्यांनी छाती भरून हाक मारली. "इल्कोऽऽऽब!"

जिन्यावरून शिपाई धावत वर आला. कुणाला काय झालं, असं तो विचारत होता. परीक्षक तसेच हात तोंडाशी धरून उभे होते. आणखी दोनदा त्यांनी प्रयत्न केला, आणि एकदा शिपायानेही, त्याला कुणी सांगितलं नसताना. त्याचं 'लकोब' झालं.

परीक्षक परत येऊन बसले. टोपण काढलं. उत्तरदाते वाढवा, शेळ्या कमी करा, असा शेरा लिहून त्यांनी मुदतवाढ मंजूर केली आणि सही कुठे हवी ते विचारलं. मी कागद पुढे सरकवला आणि आनंदाच्या भरात म्हणाले, "हितं सर, परगती अहवालावर."

प आणि र यांच्यात तो अ माझा होता. अकरावीला सोलापूरच्या वसतिगृहात आले तेव्हा मुली याच 'परगती'ला हसल्या होत्या. मी रात्री पांघरुणात तोंड घालून प्र, प्र, प्र घोकलं होतं, आणि त्यानंतर इतकी वर्षं तो अ एकदाही बाहेर येऊ दिला नव्हता. आता आला, समितीसमोर. मी कान गरम व्हायची वाट पाहिली. ते झाले नाहीत. दुरुस्ती करावी असंही वाटलं नाही.

परीक्षकांनी सही केली. मी बाहेर व्हरांड्यात आले, वही उघडली, आणि उत्तरदात्यांच्या यादीत सगळ्यात खाली स्वतःला लिहिलं. गाव मंद्रूप नव्हे, शेजारचं, पण जीभ तीच.