मसुदा सहावा, पान नववं

मी त्या काळी स्वतःला टंकलेखक म्हणवून घेत असे. धुळ्याच्या टायपिंग क्लासातून प्रमाणपत्र आणलं होतं आणि तापीकाठच्या आमच्या गावात मराठी टाइपरायटर चालवणारा मी एकटाच असल्यामुळे माझ्या चुका काढणारंही कोणी नव्हतं. माणूस बिघडायला एवढं पुरे होतं.

गावात उपसा सिंचन सोसायटी निघत होती. तापीत इंजिन बसवायचं, पाणी वर चढवून कुंडीत टाकायचं आणि तिथून पाटानं शिवारात न्यायचं, अशी योजना. त्यासाठी आधी पोटनियम लिहून धुळ्याला नोंदणीसाठी पाठवायचे होते. सोसायटीचे चिटणीस म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. त्यांच्या हाताखाली कारकून म्हणून मी. कचेरी म्हणजे सरकीची पोती ठेवायच्या खोलीचा अर्धा भाग.

दर रविवारी समिती बसे. बोलणं सगळं अहिराणीत, तावातावानं. ते मी कचेरीच्या मराठीत उतरवायचो आणि पुढच्या रविवारपर्यंत टाइप करून आणायचो. पहिल्या बैठकीनंतर मी मुखपृष्ठावर झोकात टाइप केलं, 'अंतिम मसुदा'. दुसऱ्या बैठकीत अर्धी कलमं बदलली, म्हणून 'अंतिम मसुदा (सुधारित)'. तिसरीनंतर 'अंतिम मसुदा (पक्का)'. समितीतल्या एकाच्या हाती सुधारित, दुसऱ्याच्या हाती पक्का, आणि मग असं भांडण जुंपलं की कलम बाराबद्दल दोघांचंही बरोबर होतं.

गुरुजींनी चष्मा काढला. "अंतिम हा शब्द अंत्ययात्रेला ठेवा," ते म्हणाले. "इथून पुढे फक्त आकडा. मसुदा पहिला, दुसरा, तिसरा. आता हा तिसरा झाला."

त्यांनी दोन नियम घातले. पहिला असा की एक प्रत 'आई' समजायची. बैठकीतली दुरुस्ती तिच्यावरच तांबड्या पेन्सिलीनं करायची आणि नवा मसुदा तिच्यावरूनच टाइप करायचा, बाकीच्या पिलावळीवरून नाही. दुसरा असा की प्रत्येक मसुद्यासोबत बदलांचं टिपण ठेवायचं. कोणतं कलम, आधी काय होतं, आता काय आहे, कोणत्या बैठकीत ठरलं.

ती टिपणं मी एका तारेत ओवून खिळ्याला अडकवली. कोणी वाचणार नाही या खात्रीनं मी ती बैठकीत ऐकली तशीच, अहिराणीत लिहायचो, मधूनमधून मसाला टाकून. गुरुजींनी एकदा वाचली, मिशीत हसले आणि तार पुन्हा खिळ्याला लटकवून ठेवली.

सगळ्यात मोठा वाद होता कलम सतराचा. पाण्याची पाळी कुठून सुरू करायची? कुंडीला लागून बापूंची केळीची बाग. बापू वजनदार माणूस, बोलणं गोड आणि आवाज मोठा. त्यांचं म्हणणं, पाळी पाटाच्या तोंडापासून क्रमानं जावी. पाटाच्या पार शेपटाला नानांचा कापूस. मातीचा पाट, वाटेत निम्मं पाणी जिरणार, वरून सगळे पोटभर घेणार. नानांपर्यंत ओल पोचायची ती इंजिन बंद व्हायच्या सुमारास. नाना शेअर घ्यायला तयार होते, पण एका अटीवर. त्यांचं शेत भिजलं पाहिजे.

चौथ्या बैठकीत ते मिटलं. एक खेप पाळी तोंडापासून निघेल, पुढची खेप शेपटापासून. मी ते चौथ्या मसुद्यात टाइप केलं. पाचव्या बैठकीत दंडाचं कलम बदललं. सहावीत कलम सोळा, इंजिन ड्रायव्हरच्या पगाराचं. सोळा आणि सतरा दोन्ही पान नऊवर होती.

आता आमची पद्धत सांगतो, कारण माझा पराक्रम तिच्यात आहे. दर वेळी सगळे पोटनियम कोण टाइप करणार? ज्या पानावर बदल तेवढं पान नव्यानं करायचं, बाकीची जुनी पानं तशीच लावायची आणि मुखपृष्ठावरचा आकडा बदलायचा. पानांच्या कोपऱ्यात पानाचा नंबर असे, मसुद्याचा नसे. त्याची गरज काय, असं मीच गुरुजींना ऐटीत म्हणालो होतो.

सहाव्या मसुद्याच्या वेळी 'आई'च्या नवव्या पानावर मी चहा सांडला. पूर्ण कप. पान सरकीच्या पोत्यावर वाळत घातलं आणि कपाटातल्या गठ्ठ्यातून दुसरं नववं पान काढलं. छान स्वच्छ होतं. ते इतकं स्वच्छ का, हा प्रश्न मला पडला नाही. जे पान कोणी वापरत नाही तेच स्वच्छ राहतं, हे कळायला अक्कल लागते. ते तिसऱ्या मसुद्याचं होतं. मी पगाराचं कलम टिपणावरून मन लावून नवं टाइप केलं आणि खालचं कलम सतरा, त्या पानावर जसं दिसलं तसं, एकही चूक न करता उतरवलं.

सही करण्याच्या रविवारी शाळेच्या ओट्यावर समिती जमली. मी टाइपरायटरमध्ये कार्बन घालून एका दमात सहा प्रती काढायचो. वरची ठसठशीत, सर्वांत खालची भुतासारखी. वाटप बसण्याच्या क्रमानं. त्यामुळे पहिली प्रत बापूंना आणि शेवटची कोपऱ्यातल्या नानांना. कागदातही नाना शेपटालाच.

नानांनी आपली पुसट प्रत उन्हात धरली. एकेक अक्षरावर बोट ठेवत ते वाचत होते. मध्येच बोट थांबलं.

"भाऊ," ते मला म्हणाले, "आठे काय लिखेल शे, वाची दाखाड बरं."

मी वाचलं, "पाण्याची पाळी पाटाच्या तोंडापासून क्रमाने..." आणि माझीच जीभ अडखळली.

"हाई तं पह्यलेनं शे," नाना म्हणाले. "शेपटनं पानी कोठे गयं?"

सगळे बापूंकडे बघायला लागले. बापूंनी आपली ठसठशीत प्रत उघडली, सावकाश वाचली आणि घडी घातली.

"कागदमा शे म्हंजे ठरेल शे," ते म्हणाले. "सायेब कागद दखस, तोंड नही."

"कोन बदली टाकं हाई?" नाना उठले. डोक्यावरची टोपी त्यांनी हातात घेतली होती. "मी सही कराव नही. मन्हा शेअर बी नही."

त्यांच्या मागे शेपटाकडचे आणखी दोघं उठले. हे लोक गेले तर सोसायटीच उभी राहत नव्हती. पण नानांचं दुखणं नुसत्या पाण्याचं नव्हतं. आपल्याला बोलावून, चहा पाजून, पाठीमागून पाणी काढून घेतलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि ते सहाव्या कार्बनसारखं पुसट नव्हतं.

मला एव्हाना चहाचा कप आठवला होता. "गुरुजी," मी म्हणालो, "बदललं मीच. म्हणजे बदललं नाही. जुनं पान..."

"तू सांगशील आणि नाना ऐकतील?" गुरुजी म्हणाले. "तू कारकून, बापू पुढारी. तू त्यांचं पाप अंगावर घेतोस, असंच वाटेल. जा, खिळ्यावरची तार घेऊन ये."

मी तार आणली. गुरुजींनी हुकूम केला, "वाच. पहिल्यापासून, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

आणि मग मला आठवलं की त्यात मी काय काय लिहून ठेवलंय. पण सुटका नव्हती. एकाचं घोरणं, दुसऱ्याचं तिसऱ्यांदा तेच बोलणं, सगळं कलमवार बाहेर पडू लागलं. लोक हसायला लागले. उठलेले दोघं परत टेकले. चौथ्या मसुद्याचं टिपण आलं. मी घसा साफ केला.

"कलम सतरा. आधी पाळी पाटना तोंडथीन. आते एक खेप तोंडथीन, एक खेप शेपटथीन. चौथी बैठक. बापू 'बरं' म्हनात, पन तोंड वाकडं करीसन."

ओट्यावर हशा उसळला. बापूंनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी नोकरी मला पाटात वाहताना दिसली. पण हसणं संसर्गजन्य असतं. "वाकडं व्हतं का रे मन्हं तोंड?" त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, आणि शेजारी "व्हतं ना, बापू" म्हणाला.

"पुढे," गुरुजी म्हणाले.

पाचव्याच्या टिपणात दंड. सहाव्याच्या टिपणात पगार. सतराचं नाव दोन्हीत नव्हतं.

"टिपणात नाही तो बदल कोणी ठरवलेला नाही," गुरुजी म्हणाले. "बापूंनीही नाही. काय, बापू?"

बापूंनी घातलेली घडी पुन्हा उघडली. त्यांच्या हातात छापल्यासारखा कागद होता, आणि कागदात त्यांना हवं तेच होतं. मग त्यांनी मान हलवली. "बरं," ते म्हणाले, आणि या वेळी तोंड सरळ ठेवायची त्यांनी विशेष काळजी घेतली.

मी लगेच पुढे सरसावलो. "आत्ता पान नऊ टाइप करतो आणि सहाव्यात बदलून टाकतो. अर्ध्या तासात विषय संपला."

"सहावा सहावाच राहील," गुरुजी म्हणाले. "तो लोकांच्या हातात गेलाय. आता गुपचूप पान बदललंस, तर दोन सहावे होतील, आणि पुन्हा दोघंही बरोबर. हा सातवा कर. आणि टिपण लिही."

"काय लिहू?"

"घडलं ते."

मी लिहिलं, "कलम सतरा. सहाव्यामा जुनं पान लागी गयं, टायपिस्टनी चहा सांडा म्हनीसन. चौथ्यामा व्हतं तेच परत लिखं." नानांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग टोपी डोक्यावर ठेवली.

"आते पानपानवर आकडा टाक," ते म्हणाले. "कितवा मसुदा ते. नही तं तू परत चहा पिशी."

म्हणून मी सातव्या मसुद्याचं प्रत्येक पान, बदललेलं असो वा नसो, पुन्हा मशीनवर चढवून कोपऱ्यात 'मसुदा ७' ठोकलं. सहाव्याच्या प्रती गोळा केल्या. बापूंची तेवढी मिळाली नाही. घरी कुठेतरी पडली म्हणाले. सातव्याची पहिली, ठसठशीत प्रत मी नानांना दिली, आणि सही तिच्यावरच झाली. गावानं मला मात्र 'अंतिम' हे नाव कायमचं चिकटवलं.

नोंदणी झाली, इंजिन आलं. पहिली खेप तोंडापासून गेली. दुसऱ्या खेपेच्या सकाळी मी पाळीची वेळ लिहायला कुंडीवर उभा होतो. नाना पाटाच्या कडेकडेनं इथवर चालत आले होते. तेवढ्यात बापू पाटातून आपल्या बागेत पाणी घ्यायचं मातीचं दार उघडायला निघाले. नानांनी वाट अडवली.

बापूंनी गंभीर चेहऱ्यानं खिशातून कागद काढला. "मन्हा कागदमा तोंडथीन शे."

नानांनी कागद घेतला नाही. नुसतं पान नऊच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "कितवा?"

कोपऱ्यात नुसता पानाचा नऊ होता, मसुद्याचा आकडा नव्हता.

बापू गडगडून हसले. त्यांनी कागदाची घडी करून ती माझ्या खिशात कोंबली आणि बागेच्या दारावर एक फावडं माती जास्तच टाकली. पाणी बागेला वळसा घालून पुढे निघालं. नाना त्याच्यासोबत चालू लागले, पाण्याच्याच चालीनं, शेपटाकडे.