गुलमर्गच्या तक्त्यातला रिकामा दिवस

माझी सगळी नोकरी नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात ड्युटीचे तक्ते लावण्यात गेली. कोणता माणूस कोणत्या गाडीवर, किती वाजता चढणार, कुठं उतरणार, विश्रांती कधी, सगळं चौकोनात. रिकामा चौकोन दिसला की माझा हात शिवशिवायचा. रिटायर झालो तरी ही खोड गेली नाही. घरच्या लग्नाचाही तक्ता मीच करतो आणि लोक माघारी हसतात, हे मला ठाऊक आहे. हसू द्या. माझ्या तक्त्यावर चाललेलं वऱ्हाड कधी उशिरा पोचलं नाही.

बायको शाळेत खेळाची शिक्षिका होती. मूळची उदगीरची, बोलणं खणखणीत. एकदा शाळेच्या मुलींना घेऊन ती हिमालयात शिबिराला गेली होती आणि तिथं तिनं लहान लहान पोरं बर्फावर स्की करताना पाहिली. तेव्हापासून तिच्या डोक्यात ते बसलं होतं. ती रिटायर झाली त्या संध्याकाळी, हारतुरे अजून खुर्चीवर पडलेले असताना, मला म्हणाली, "अहो, मला एकदा स्की शिकायचीय. नुसतं बर्फात लोळायचं न्हाई. वरून खालपर्यंत एकटीनं यायचं, कुणी हात न धरता. आणि तुम्ही खाली उभं राहून बघायचं."

मी म्हणालो, "हात्तिच्या, एवढंच ना?"

एवढंच नव्हतं. तिचा उजवा गुडघा जुना दुखरा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तीन महिने मांड्यांचा व्यायाम करा, मग या हिवाळ्यात जायला हरकत नाही. पुढच्या वर्षीचं मात्र आज सांगता येणार नाही, असंही म्हणाले. ती रोज पहाटे विष्णुपुरीच्या धरणाच्या बाजूला चढ-उतार करायला जायला लागली. आणि 'तुम्ही बघायचं' यामागेही जुनं दुखणं होतं. तिच्या मुलींचा खो-खोचा संघ एकदा फायनलला गेला होता. मी येतो म्हणून कबूल केलं आणि तक्ता सोडवत नव्हता म्हणून पोचलो तेव्हा मैदानात सतरंज्या गुंडाळणं चालू होतं. त्यावरून ती कधी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी तक्ता करायला बसलो. आठ दिवस. एवढ्या लांब जायचंच आहे तर श्रीनगर, पहलगाम, सोनमर्ग, येताना अमृतसर, आणि मध्ये एक दिवस गुलमर्ग, स्की. सकाळी दहाला चढायचं, चारला उतरायचं. तिनं कागद बघितला, चष्मा काढला आणि म्हणाली, "पोहायला एका दिवसात शिकवताव का हो तुम्ही? मी खेळाची मास्तरीण हाय, मला सांगू नका."

तिच्या एका सहकारी बाईंची मुलगी गुलमर्गला शिकून आली होती. तिच्याकडून तिथल्या एका शिक्षकाचा फोन मिळाला. मी फोन स्पीकरवर टाकला आणि कागद-पेन घेऊन बसलो. माणूस शांत होता, शुद्ध उर्दू बोलत होता, आणि आमच्या नांदेडच्या हिंदीला हसला नाही. मी तक्ता वाचून दाखवला.

मग तो म्हणाला, एका दिवसात फक्त पडायला शिकाल. नवख्या माणसाला चार दिवस हवेत आणि एक दिवस मोकळा ठेवा. बर्फ जोराचा पडला किंवा वारा सुटला तर लिफ्ट बंद होते, आणि अंग दुखलं तर तो दिवस उपयोगी पडतो. सामान विकत घेऊ नका. बूट, स्की, काठ्या, हेल्मेट सगळं इथं भाड्यानं मिळतं, आणि बूट पायात घालूनच ठरवायचे. लिफ्टचा मोठा पास आत्ता काढू नका. पहिला दिवस सपाट जागेवर पायीच जातो. दुसऱ्या दिवसापासून उतारावर ओढून नेणारी छोटी लिफ्ट लागते, तिचा पास त्याच दिवशी तिथं घ्यायचा. दोन टप्प्यांत वर जाणारा गंडोला, म्हणजे तो दोरावरचा पाळणा, शिकणाऱ्याच्या कामाचा नाही. वरचा डोंगर कसलेल्या लोकांचा.

बायको प्रत्येक वाक्याला "हाव, हाव" म्हणत होती. मी मात्र कागदावरून मान वर केली नाही. कारण गंडोलाची तिकिटं मी आधीच काढून बसलो होतो. दोघांची, दोन्ही टप्प्यांची, तिला न सांगता, भेट म्हणून. तारीख पडलेली, नावं पडलेली. फोन ठेवल्यावर मी पहलगाम खोडलं, सोनमर्ग खोडलं, जिवावर आलं तरी अमृतसरही खोडलं. गुलमर्गचे पाच दिवस झाले. तिकिटांची तारीख त्यात तिसऱ्या दिवशी आली. पाचव्या दिवसाच्या चौकोनात काहीच नव्हतं. त्यात काय लिहू, म्हणून मी दोनदा विचारलं. ती म्हणाली, "काही लिहू नका. राहू द्या की एखादा."

हैदराबादहून विमानानं निघालो. श्रीनगर, तिथून टॅक्सीनं टंगमर्ग, पुढं चाकांना साखळ्या बांधलेली गाडी. पहिल्या सकाळी भाड्याच्या दुकानात तिच्या बुटांचा घोळ झाला. मी नांदेडहून लोकरीचे जाडजूड मोजे आणले होते आणि माझ्या आग्रहानं तिनं दोन जोड चढवले. त्यावर बसतील असे मोठे बूट घेतले. दुपारपर्यंत नडग्या सोलवटल्या. पाय आत हलत होता, त्यामुळं स्की एकीकडं आणि बाई दुसरीकडं. शिक्षकानं बूट उघडून बघितले आणि माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी एकच पातळ लांब मोजा आणि एक नंबर लहान बूट. उभं राहिलं की बोटं पुढं जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की मागं सरकावीत, असं त्यानं तिला करून बघायला लावलं. बूट बसले आणि बाई ताळ्यावर आली.

तिला शिकताना बघणं म्हणजे मजा होती. आयुष्यभर शिट्टी वाजवणारी बाई आता दुसऱ्याचं ऐकत होती. पडायचं तर बाजूला पडायचं. उठताना स्की उताराला आडव्या करायच्या. वेग कमी करायला पुढची टोकं जवळ, टाचा लांब. ती पडायची, स्वतःलाच "ऊठ गं" म्हणायची आणि उठायची. मी खाली कहवा पीत उभा. पाय गारठून लाकूड झालेले, पण मी हललो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती छोट्या लिफ्टला धरून वर गेली आणि शिक्षक पुढं उलटा चालत, ती मागं, अशी अर्ध्या उतारापर्यंत आली. "उद्या," तो म्हणाला, "मैडम उद्या अकेली आएँगी."

उद्या म्हणजे तिसरा दिवस.

नाष्ट्याला मी फोनमधली तिकिटं काढून दाखवली. तिचा चेहरा आधी खुलला, मग तिनं तारीख बघितली. "अहो, आज?"

"दोन्ही टप्पे आहेत. थेट वर."

"मी शिकायला आले," ती म्हणाली. "तुम्ही जा. दोन तासांत येताल."

इथं मी राहायला हवं होतं. तिकीट वाया गेलं असतं, गेलं असतं. पण काढलेलं तिकीट, ठरलेली वेळ, नाव छापलेलं. हे सोडून नुसतं उभं राहायचं मला जमेना. चाळीस वर्षांची सवय म्हणा नाहीतर गाढवपणा म्हणा. मी म्हणालो, "अकराच्या आत आलोच समज."

पहिल्या टप्प्याला रांग, दुसऱ्याला त्याहून मोठी. मध्ये वारा सुटला म्हणून वरचा पाळणा थांबवला, मग पुन्हा सुरू केला. वर पोचलो. डोंगर सुंदर होते, खोटं कशाला बोलू. पण शेजारी कुणी नव्हतं, आणि फोनमध्ये तिच्या नावाचं तिकीट तसंच कोरं होतं. उतरायला पुन्हा रांग. खाली पाय ठेवला तेव्हा दीड वाजून गेला होता.

ती बाकावर बुटांचे बक्कल सोडून बसली होती. शिक्षक धावत आला, तोंडभर हसत. "साहब, पूरा ऊपर से नीचे! अकेली! एक बार भी नहीं गिरीं!"

मी तिच्याकडं बघितलं. ती हसली. खरंच हसली, राग नव्हता. मी म्हणालो, "आणखी एकदा कर ना. बघतो मी." ती म्हणाली, "आज पायच संपले. उद्या करते की."

रात्रीतून गुडघा टम्म फुगला. चौथ्या दिवशी शिक्षकानं येऊन बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. ती बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून पडून राहिली आणि मी खोलीत येरझाऱ्या घालत राहिलो. एकच आशा होती, तो मोकळा दिवस. ज्याच्यासाठी मी कुरकुर केली, त्याच दिवसाकडं आता डोळे लावून बसलो.

पाचव्या दिवशी सूज उतरली होती. "चला," ती म्हणाली. "तुमच्यासाठी एकदा." हॉटेलचा जिना उतरताना तिनं कठडा दोन्ही हातांनी धरला होता आणि दर पायरीला ओठ आवळत होती. मी तिला तिथंच थांबवलं. म्हणालो, "न्हाई जायचं." आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम मी स्वतःहून तक्त्यातून काढलं. बूट आणि स्की घेऊन गेलो, दुकानात परत दिले.

मग आम्ही उताराच्या पायथ्याशी दोन खुर्च्या घेऊन बसलो. दिवसभर काहीच काम नव्हतं. ऊन छान पडलं होतं. मी म्हणालो, "सांग तरी. कशी आलीस?"

तिनं बोट वर केलं. "त्या खांबापासून निघाले. तिथं डावीकडं वळले. ते लाल झेंड्याजवळ दिसतंय का, तिथं पडणारच होते, पण सावरले. मग सरळ. वारा कानात. लई भारी वाटलं हो." तिचं बोट उतारावरून हळूहळू खाली येत होतं आणि माझे डोळे बोटामागं. "आणि इथं थांबले. आपण बसलोय ना, इथंच."

"मग?"

"मग काय. तुम्ही न्हवता." तिनं मान मागं वळवली. डोक्यावरून दोरावरचे पाळणे एकामागून एक खाली येत होते. "अकरा तर कधीच वाजून गेलेले. म्हणलं, यातल्याच एखाद्यात असताल, दिसत असेन मी. कोणत्या त्ये कळंना, म्हणून येईल त्या पाळण्याला हात करत उभी राहिले."

मी तेव्हा अजून वरच्या रांगेत होतो.