अतियाबीचा सोमवार

दिग्रसच्या बसस्टँडसमोरच्या गल्लीत अतियाबीचं मॅचिंग सेंटर आहे. साडीला जुळणारं ब्लाउजचं रुबिया कापड, अस्तर आणि फॉल, एवढंच तिथं मिळतं. तीन भिंती, प्रत्येक भिंतीला चोवीस खण, आणि खणाखणात कापडाची थानं. अकरा वर्षं अतियाबी या तीन भिंतींच्या मधे बसून आहे, आणि त्यातली निदान दहा वर्षं ती कोणावर ना कोणावर वैतागलेली आहे.

या वर्षी तिच्या वैतागाचा धनी होता तिचा लेक परवेज. बी.कॉम. झालेला, तेवीस वर्षांचा, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. त्यानं दोन वर्षांपूर्वी दुकानाची बिलं मोबाईलवर करायला घेतली, तेव्हा अतियाबीला कौतुक वाटलं होतं. आता तोच मोबाईल तो तिच्या नाकासमोर नाचवत होता.

"अम्मी, पाह्य. दोन वर्षं झाली, विक्री एकाच रेषेत आहे. ना वर, ना खाली. मॅचिंगचा धंदा जेवढा व्हायचा तेवढा झाला. ही डावी भिंत मोकळी कर. मी गाऊन ठेवतो. नागपूरचा होलसेलवाला दिवाळीचा माल द्यायले तयार आहे, पण महिन्याअखेर त्याले हो-नाही सांगावं लागते."

"आणि डाव्या भिंतीतले रंग कुठी टाकू? तुह्या डोक्यावर?"

"दुकानातून दोघायचं पोट भरत नाही. गाऊन नाही ठेवले तं मी नागपूरले त्याच होलसेलवाल्याकडे नोकरीले जातो. त्यानं विचारलं आहे मले."

झालं. भिंत गेली तर रंग जाणार, भिंत राहिली तर लेक जाणार. दिवाळीच्या मालाला हाताशी पैसा एकदाच येतो. तो गाऊनमध्ये घालायचा की रुबियात, यावर पोराचं राहणं-जाणं येऊन टेकलं. तिचा नवरा मोहिउद्दीन शिलाई मशीन दुरुस्त करतो. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "परवेज म्हणतो तेही बरोबर आहे, तू म्हणतेस तेही बरोबर आहे." अशा माणसाशी पंचवीस वर्षं संसार करणं म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्यालाच कळावं.

सल्ले देणाऱ्यांची तर रीघच लागली. जाऊ म्हणाली लेगिंग ठेव. शेजारचा चप्पलवाला म्हणाला बांगड्या ठेवा. गल्लीत सगळ्यांना तिच्या भिंतीची काळजी, स्वतःच्या दुकानात मात्र माशा मारत बसलेले.

त्याच आठवड्यात तांड्यावरून हंसाबाई आली. पिशवीतून मोरपंखी साडी काढून तिनं काउंटरवर पसरली. अतियाबीनं खणाकडे पाहिलं. मोरपंखी संपलं होतं.

"सोमवारी माल येऊन राह्यला, हंसाबाई. सोमवारी या."

हे तिचं ठेवणीतलं वाक्य. सासूनं दुकान हाती देताना बजावलं होतं की गिऱ्हाइकाला तोंडानं 'नाही' म्हणायचं नाही, बरकत जाते. अकरा वर्षांत अतियाबीनं तो शब्द काउंटरवर उच्चारला नव्हता.

हंसाबाईनं साडीची घडी घातली. "भाभी, तुमचा सोमवार मले माहीत आहे. मागं दोन सोमवार येऊन गेलती मी. एस.टी.चं भाडं काय फुकट येते? आता पुसदलेच जातो. आमच्या तांड्यातल्या बाया तिकडंच जाऊन राह्यल्या."

"कवापासून?"

"तुम्हाले काहून सांगू? तुम्ही सोमवार सांगता, तसं आम्हीबी येतो म्हणतो."

ती गेली, आणि अतियाबी दुपारभर धुसफुसत राहिली. हंसाबाईवर, पुसदवर, एस.टी.वर. मग तिला एक गोष्ट खटकली. परवेजच्या मोबाईलमध्ये हंसाबाईची आजची खेप कुठं होती? कुठंच नाही. विकलं त्याचं बिल होतं. न विकलेल्याचं बिल कोण करणार?

रंगांचे नंबर असलेलं शेड कार्ड तिनं खिळ्यावरून काढलं आणि मोरपंखीसमोर पेन्सिलीनं एक रेघ मारली. त्या दिवसापासून जितक्यांदा 'सोमवारी या' म्हणावं लागलं, तितक्या रेघा. कोणी गाऊन मागितला तर कार्डाच्या पाठीमागं रेघ. परवेजनं विचारलं, हे काय चाललंय, तर "तुह्या मोबाईलले दिसत नाही ते," म्हणून तिनं त्याला गप्प केलं.

पंधरा दिवसांनी तिनं कार्ड त्याच्यासमोर आपटलं.

"मोज."

परवेजनं मोजल्या. अठ्ठ्याऐंशी रेघा. त्यातल्या एकसष्ट नऊच रंगांसमोर. पाठीमागं गाऊनच्या सहा, त्या वेगळ्या.

"आता मोबाईलमध्ये मोरपंखी काढ. महिन्याचं किती विकलं?"

"वीस मीटर. आणि शेवाळी अठरा. सारखंच तर आहे."

"थान किती मीटरचं असते?"

परवेजनं स्क्रीनवरचा वीसचा आकडा पुन्हा पाहिला. थान वीस मीटरचं. संपत आलेल्या प्रत्येक रंगाचं अतियाबी महिन्याला एकच थान मागवायची, कोणत्या रंगावर अन्याय नको म्हणून. पोरांना भाकरी वाटावी तसे तिनं रंगांना थानं वाटली होती. त्यानं बिलांच्या तारखा पाहिल्या. शेवाळी महिनाभर रांगत संपत आलं होतं. मोरपंखी सहा तारखेलाच संपलं, आणि उरलेले चोवीस दिवस तिथं सोमवार चालू होता. विक्रीची रेषा सपाट होती, कारण माल सपाट होता.

मग दोघांनी खण तपासले. बहात्तर खणांपैकी तेवीस खणांतल्या थानांचा चार महिन्यांत एक मीटरही कापला गेला नव्हता. कार्डावर आहेत म्हणून आणलेले रंग, धूळ खात पडलेले.

"म्हणजे एक भिंत तशीच मेलेली आहे," परवेज म्हणाला. "मग तिथंच गाऊन ठेवू ना. जे दुकानात दिसत नाही ते बाया विचारत नाहीत, म्हणून सहाच रेघा."

"असंल. मी कुठी नाही म्हणते? पण गाऊनले चार साइज लागतात, वीस तरी नमुने लागतात. आपल्या पैशात आठ नमुने येतील, तेही अर्ध्या साइजचे. मग गाऊनलेही सोमवार सांगू काय? आधी ज्या विचारून राह्यल्या त्यायले देऊ. नऊ रंगांची तीन-तीन थानं भरू, मेलेले रंग स्वस्तात काढू. रेघा पंधरा दिवसाले दहाच्या खाली आल्या आणि खण मोकळे राह्यले, की त्या भिंतीत तुहे गाऊन."

परवेजनं कार्डावरच्या रेघांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "अम्मी, पंधरा दिवसांत अठ्ठ्याऐंशी. अकरा वर्षांचा हिशोब लावू काय?"

"नको लावू."

"मी जाणार होतो ना नागपूरले. धंदा होत नाही म्हणून. धंदा तर रोज दारात येत होता."

अतियाबीनं कार्ड परत खिळ्याला अडकवलं. दुकान चालत नाही म्हणून ती नवऱ्यावर चिडली होती, बाजारावर चिडली होती, या पोरावर तर रोजच. आणि बायकांना गोड बोलून पुसदच्या एस.टी.त बसवत होती ती स्वतः. पोरालाही त्याच गाडीत बसवायला निघाली होती. तिला स्वतःचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं म्हणून आणखी संताप आला.

"मोबाईल आण इकडं," ती खेकसली. "तुह्या होलसेलवाल्याले मी सांगते, पोरगा येणार नाही म्हणून."

"मी सांगतलं, अम्मी. सकाळीच. तू रेघा मारून राह्यलती तवा. तू न विकलेलं मोजून राह्यली, तं मी काहून जाऊ?"